मोरीच्या तोंडाशी दहा मिनिटं

पावसाळ्यानंतर कोकणातल्या आडवाटेच्या रस्त्यांवरून फिरलं की एक दृश्य हमखास दिसतं. ओढ्यावरचा रस्ता मधोमध तुटलेला, डांबराचा पापुद्रा अधांतरी लोंबतोय, आणि दोन सिमेंटचे पाइप वीस-पंचवीस पावलं खाली भातात जाऊन पडलेत. गावकरी म्हणतात, "दिवसभर धो धो पडत होता, मोरी टिकणार कशी?" रस्त्यांच्या कामात माझी उभी हयात गेली, आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की सुरुवातीला मलाही ते पटायचं. पण दिवसभराचा पाऊस मोरी सहसा तोडत नाही. तोडतो तो त्यातल्या दहा-पंधरा मिनिटांचा पाऊस. ती मिनिटं नेमकी किती, हे ढगावर नाही, ओढ्यावर ठरतं.

मोरी म्हटलं की घरातली भांडी घासायची जागा आठवते. रस्त्याची मोरी म्हणजे रस्त्याच्या भरावाखालून पाणी पलीकडे काढणारी वाट. आपल्याकडच्या संकेतानुसार सहा मीटरपर्यंत लांबीची ती मोरी, त्यापुढे पूल. ती गोल ह्यूम पाइपची असते, दगडी भिंतींवर स्लॅब टाकलेली असते किंवा काँक्रीटची चौकोनी पेटी, म्हणजे बॉक्स असते. अंदाजपत्रकात ती एका ओळीत मावते, म्हणूनच तिचं तोंड केवढं असावं हा प्रश्न बऱ्याचदा "शेजारच्या मोरीएवढं" या उत्तरावर मिटवला जातो.

खरं उत्तर काढायची सर्वांत सोपी पद्धत दीडशे वर्षांहून जुनी आहे. आयर्लंडमधला अभियंता थॉमस मुलव्हनी याने १८५१ मध्ये तिची मूळ कल्पना मांडली. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहराची गटारं आखताना एमिल कुइचलिंगने १८८९ मध्ये ती वापरात आणली. इंग्रजीत तिला रॅशनल मेथड म्हणतात, आणि आपल्या कचेऱ्यांतही 'रॅशनल फॉर्म्युला' हेच नाव चालतं. सूत्र असं:

Q = C × i × A / 360

Q म्हणजे मोरीच्या तोंडाशी येणारं सर्वाधिक पाणी, सेकंदाला किती घनमीटर ते. A म्हणजे पाणलोटाचं क्षेत्र, हेक्टरमध्ये. i म्हणजे पावसाची तीव्रता, तासाला किती मिलिमीटर या दराने. C म्हणजे पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा जमिनीवरून वाहत येतो ते सांगणारा गुणांक. तो शून्य आणि एक यांच्यामध्ये असतो. ३६० हा आकडा फक्त एककं जुळवतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे उन्हाळ्यात गावात येतो तसा एक टँकर. तासाचे सेकंद ३,६००, घनमीटरचे लिटर हजार, हा हिशेब मांडला की ३६० येतात.

सूत्रात अवघड काही नाही. अवघड आहे ते त्यात घालायचे तीन आकडे मिळवणं. उदाहरणासाठी एक ओढा घेऊ. तो मी कागदावर बेतलाय आणि आकडे हिशेबाला सोयीचे ठेवलेत, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरून उतरणारे असे ओढे शेकड्यांनी आहेत. वर जांभ्याचा उघडा कातळ आणि त्यावर पावसाळ्यापुरतं उगवणारं गवत. खाली उतारावर आंबा-काजूच्या बागा आणि थोडी भातशेती. सर्वांत खाली रस्ता, आणि रस्त्याखाली ९०० मिलिमीटर व्यासाचे दोन पाइप.

आधी पाणलोट. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, म्हणजेच एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर. आपल्या ओढ्याचा पाणलोट आहे २४ हेक्टर, नकाशावर करंगळीच्या नखाएवढा. दोन समोच्चरेषांमध्ये वीस मीटर उंचीचं अंतर असलेल्या त्या नकाशावर एवढ्या नखाची कड पेन्सिलीने ओढताना हात जरा हलला तरी चार-पाच हेक्टर इकडचे तिकडे होतात. म्हणून नकाशा घेऊन सडा चालावा लागतो, आणि शक्यतो पावसात, कारण पाणी कोणत्या बाजूला वळतं ते तेव्हाच डोळ्यांना दिसतं. आता उपग्रहाची चित्रं आणि उंचीची संगणकी माहिती मिळते, तिने काम हलकं झालंय. पण सड्यावर एखाद्या बागायतदाराने घातलेला हातभर उंचीचा जांभ्याचा गडगा ओढ्याचं पाणी शेजारच्या ओढ्यात वळवतो, आणि तो गडगा त्या चित्रांत बहुधा सापडत नाही.

मग C. इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी-१३ या पुस्तिकेत याचा तक्ता आहे. उघड्या खडकाच्या तीव्र उताराला ०.९, विरळ गवताच्या पठाराला ०.७, हलकी लागवड असलेल्या पोयट्याच्या जमिनीला ०.४, दाट झुडपांच्या वाळूसर जमिनीला ०.१. आपल्या २४ हेक्टरांत १८ हेक्टर सडा आहे आणि ६ हेक्टर बागा-शेती. अठरा गुणिले ०.७ म्हणजे १२.६, सहा गुणिले ०.४ म्हणजे २.४, बेरीज १५. थोडक्यात, २४ हेक्टरांपैकी १५ हेक्टरांवरचं सगळं पाणी आपल्या मोरीकडे येतं आणि उरलेलं जमीन पिते, असं समजायचं.

इथे कोकणातल्या माणसाला एक शंका यायला हवी. जमीन किती पिते हे महिन्यावर अवलंबून असतं. मृगाचा पहिला पाऊस तापलेली जमीन घटाघटा पिते. जुलैच्या अखेरीला तीच जमीन पुरती भिजलेली असते, भाताची खाचरं बांधापर्यंत भरलेली असतात, आणि वरून पडलेला थेंब जवळपास तसाच पुढे जातो. मोरी त्या दिवसासाठी बांधायची असते. म्हणून तक्त्यातल्या आकड्यांत निवड करायची वेळ आली तर मी नेहमी वरचा आकडा घ्यायचो, आणि त्यावरून साहेबांची बोलणीही खायचो.

आता या पद्धतीचा गाभा, म्हणजे i. कोणत्या पावसाची तीव्रता घ्यायची? पाऊस सुरू झाला की पहिल्या मिनिटाला मोरीपाशी फक्त जवळच्या उताराचं पाणी पोचतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला बागांचं. सड्याच्या पार टोकाला पडलेला थेंब मात्र कातळावरून, घळीतून, ओढ्यातून धावत यायला वेळ घेतो. तो थेंब मोरीत पोचतो त्या क्षणी पहिल्यांदाच साऱ्या पाणलोटाचं पाणी एकत्र मोरीच्या तोंडाशी असतं. या वेळेला पाणी एकवटण्याचा काळ म्हणता येईल. सर त्याआधीच थांबली, तर टोकाचं पाणी येईपर्यंत जवळचं ओसरलेलं असतं. सर त्याहून लांबली, तर पाणलोट पूर्ण सामील झालेला असतो, पण लांबलेल्या सरीचा सरासरी जोर कमी असतो, कारण ढगफुटीसारखा मारा तासन्‌तास टिकत नाही. म्हणून मोरीला सर्वांत जड जाणारी सर ती, जी नेमकी या काळाएवढीच टिकते.

हा काळ काढायला एसपी-१३ मध्ये एक सूत्र दिलंय:

tc = (0.87 × L^3 / H)^0.385

L म्हणजे टोकापासून मोरीपर्यंतची पाण्याची वाट किलोमीटरमध्ये, H म्हणजे त्या वाटेतला उतार मीटरमध्ये, उत्तर तासांत. आपल्या ओढ्याची वाट ०.९ किलोमीटर आहे आणि त्यात पाणी ६० मीटर खाली येतं. गणित केलं की ०.१७३ तास मिळतात, म्हणजे दहा मिनिटं आणि वर काही सेकंद. शीर्षकातली दहा मिनिटं ती ही.

पण दहा मिनिटांचा पाऊस मोजतो कोण? तालुक्याच्या साध्या पर्जन्यमापकात सकाळी साडेआठला आदल्या चोवीस तासांचं पाणी एकदम मोजलं जातं. वर्तमानपत्रात येणारा 'आज अडीचशे मिलिमीटर' हा आकडा तोच. आणि इथेच कच्चा हात फसतो. तो अडीचशेला चोवीसने भागतो, तासाला १०.४ मिलिमीटर काढतो आणि सूत्रात घालतो. उत्तर येतं सेकंदाला ०.४३ घनमीटर. ६०० मिलिमीटरचा एकच पाइप एवढं पाणी आरामात नेतो. कागद बिनचूक दिसतो, गुणाकार बरोबर असतो, आणि मोरी जाते.

त्यासाठी मिनिटामिनिटाची नोंद ठेवणाऱ्या स्वयंलेखी पर्जन्यमापकाची जुनी टिपणं लागतात. हवामान खातं आणि केंद्रीय जल आयोग यांनी मिळून पश्चिम किनाऱ्यासाठी काढलेल्या अहवालांत ठरावीक वर्षांनी येणाऱ्या पावसाचे नकाशे आहेत, शिवाय चोवीस तासांच्या आकड्यावरून एका तासाचा आकडा काढायची गुणोत्तरंही आहेत. आपल्या ओढ्यासाठी धरू, की पंचवीस वर्षांत सरासरी एकदा येईल असा तासाभराचा पाऊस ८० मिलिमीटर आहे. त्यावरून दहा मिनिटांच्या सरीची तीव्रता काढायला एसपी-१३ चीच एक सोपी रीत आहे: तासाचा आकडा दुप्पट करायचा आणि त्याला 'एक अधिक एकवटण्याचा काळ' याने भागायचं. १६० भागिले १.१७३, म्हणजे सुमारे १३६. दर तासाला १३६ मिलिमीटर म्हणजे काही भलतंच वाटायला नको. दहा मिनिटांत जेमतेम २३-२४ मिलिमीटर पाणी. वीज कडाडून अंगणातली बादली उडवणारी सर तेवढी असतेच.

'पंचवीस वर्षांत एकदा' या शब्दांनी फार घोटाळा केलाय. मोठी सर येऊन गेली की पंचवीस वर्षं निवांत, असा समज अधिकाऱ्यांचाही असतो. खरं तर ती पंचवीस चिठ्ठ्यांतली एक चिठ्ठी आहे, आणि दर मृगाला सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा डब्यात जातात. यंदा निघाली म्हणून पुढच्या वर्षी निघणार नाही असं काही नाही. मोरी पंचवीस वर्षं उभी राहिली तर तेवढ्यात ती चिठ्ठी एकदा तरी निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. म्हणून महत्त्वाच्या रस्त्याला पन्नास किंवा शंभर वर्षांचा पाऊस घेतात. गावच्या रस्त्याला पंचवीसचा घेतला तर एखाद्या वर्षी पाणी रस्त्यावरून जाईल हे कबूल करूनच घेतलेला असतो.

आता गुणाकार. C गुणिले A म्हणजे १५, त्याला १३६ ने गुणून ३६० ने भागलं की सेकंदाला ५.६७ घनमीटर. दर पावणेदोन सेकंदाला दहा हजार लिटरचा एक टँकर रिकामा व्हावा, तसं हे पाणी.

या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. ओढ्यात खाली-वर थोडं चालायचं, झुडपांत अडकलेला पेंढा-काटक्या बघायच्या, आणि गावातल्या एखाद्या आजोबांना विचारायचं, "आबा, सर्वांत मोठं पाणी कुठवर आलं होतं?" समजा आबांनी दाखवलेल्या खुणेपर्यंत ओढा तीन मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल भरतो. पन्नास मीटरला एक मीटर उतार आणि दगडगोट्यांचा तळ धरला तर पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या किंचित आत येतो, आणि पाणी ५.२ घनमीटर. सड्यावरून काढलेला आकडा आणि ओढ्याने स्वतः सांगितलेला आकडा इतके जवळ आले की जिवात जीव येतो. एक दुसऱ्याच्या दुप्पट आला असता तर मी पहिल्यांदा पाणलोटाची कड पुन्हा चालून पाहिली असती. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

पाणी कळलं, आता तोंड. भरावाखालचा लहान पाइप सहसा आतून अपुरा पडत नाही, पाणी आत शिरतानाच अडतं. ९०० मिलिमीटरच्या पाइपच्या तोंडापुढे पाणी एक मीटरहून थोडं वर चढलं तर एक पाइप सेकंदाला साधारण १.२ घनमीटर घेतो. दोन पाइप मिळून २.४. येतंय ५.६७. उरलेलं सव्वातीन घनमीटर रस्त्यामागे साठतं. असं पाचच मिनिटं चाललं तरी शंभराच्या आसपास टँकर. तळं चढत रस्त्याच्या माथ्यावर येतं, पलीकडच्या भरावाच्या उतारावरून धबधब्यासारखं कोसळतं, आणि माती पायथ्यापासून वर खात येतं. पाइप शाबूत आणि रस्ता बेपत्ता, असं जे दिसतं ते यामुळे.

मग पाइप वाढवावेत का? १२०० मिलिमीटरचा एक पाइप २.४ घनमीटर घेतो, तीन टाकले की हिशेब जमतो. कागदावर स्वस्तही पडतं. पण ओढा नुसतं पाणी आणत नाही. तो काजूच्या फांद्या आणतो, गवताचे भारे आणतो, कधी बांधावरचा अख्खा बुंधा आणतो. दोन पाइपांमधल्या भिंतीवर एक फांदी आडवी बसली की तिच्यावर पालापाचोळा साठतो, आणि तिनातला एक पाइप दहा मिनिटांत कामातून जातो. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा ही म्हण इथे शब्दशः खरी होते: वाचवलेले पैसे बोळ्यात आणि रस्ता वाहून मोकळा. म्हणून मी एकाच तोंडाची पेटी घेईन. दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच. हिशेब केला तर ५.६७ घनमीटर पाणी जायला तिच्या तोंडापुढे दीड मीटर पाणी चढावं लागतं. वर अर्धा मीटर मोकळा राहतो, फांद्यांसाठी आणि माझ्या चुकांसाठी.

चुका होतातच, आणि त्यातल्या बऱ्याच मोरी बांधून झाल्यावर होतात. सड्यावर बंगल्यांचे प्लॉट पडले की C वाढतो हे सगळ्यांना कळतं. कमी लोकांना कळतं की सिमेंटच्या गटारांतून पाणी लवकर खाली येतं, एकवटण्याचा काळ आखडतो, आणि म्हणून सूत्रात जास्त तीव्र सर घालावी लागते. मुंबईच्या जुन्या पावसाळी गटारांचा हिशेब तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ गुणांक धरून केलेला होता. पुढे ब्रिमस्टोवॅड योजनेत ५० मिलिमीटर आणि गुणांक १ धरला गेला. दोन्ही आकडे दुप्पट झाले, म्हणजे त्याच जमिनीवरून धरायचं पाणी चौपट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा हा फरक कागदावरचा राहिला नाही.

पण माझा सर्वांत नावडता प्रकार वेगळाच आहे, आणि तो आमच्याच लोकांच्या हातून घडतो. घाटातला नवा रस्ता डोंगर कापून नेला की डोंगराच्या बाजूने गटार काढतात. ते गटार शेजारच्या पाणलोटाचं पाणी अडवतं आणि रस्त्याच्या उताराने आपल्या मोरीत आणून सोडतं. शेजारचा फक्त सहा हेक्टरांचा सडा असा आपल्यात आला तर पंधराचे १९.२ होतात आणि पाणी ५.६७ वरून सव्वासातच्या आसपास जातं. पाणलोट नकाशावर तसाच दिसतो, कारण डोंगर हललेला नसतो. गटार मात्र नकाशावर नसतं. एका रस्त्यावर मी असं गटार शोधायला दोन पावसाळे घालवले. मोरी वाहून जायची आणि दोष मात्र पावसाला मिळायचा.

या पद्धतीला मर्यादा आहे. साऱ्या पाणलोटावर एकाच वेळी एकाच जोराने पाऊस पडतो असं ती धरते. नखाएवढ्या पाणलोटाला हे चालतं, पण आडव्यातिडव्या पसरलेल्या मोठ्या खोऱ्यात एका टोकाला सर आणि दुसऱ्या टोकाला ऊन असतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी २०० एकरांच्या, म्हणजे ८० हेक्टरांच्या पुढे ती वापरत नाहीत. आपल्याकडे सह्याद्रीतल्या नद्यांच्या पुरासाठी इंग्लिस यांचं सूत्र होतं आणि आहे. पण ते नद्यांसाठी. ओढ्याला नदीचं माप लावलं की मोरीऐवजी पूल बांधायची पाळी येते.

पेटी बांधून झाली. पाणी तिच्यातून सेकंदाला तीन मीटर वेगाने बाहेर पडेल, म्हणून खालच्या बाजूला दगडी फरसबंदी आणि तिच्या टोकाला जमिनीत खोल उतरलेली भिंत हवी. नाहीतर पाणी तिथे खड्डा खणेल आणि पेटीला मागून पोखरेल. हे खर्चात कपात करायच्या वेळी पहिलं जातं. ऑक्टोबरमध्ये मोरी बघायला गेलात तर आधी खालच्या बाजूला उतरा.

आणि वरच्या बाजूच्या भिंतीवर तळापासून मीटरच्या खुणा रंगवून घ्या. डबाभर रंगाचं काम आहे. समजा श्रावणात एका दुपारी सर येऊन गेली आणि भिंतीवर गाळाची रेघ १.१ मीटरवर उमटली. तोच हिशेब उलटा केला तर पेटीतून सेकंदाला साडेतीन घनमीटर पाणी गेलं होतं, म्हणजे वर सड्यावर तासाला सुमारे ८५ मिलिमीटरच्या जोराने, दहा मिनिटांत १४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तालुक्याच्या पर्जन्यमापकात त्या दिवसाचा आकडा कदाचित चाळीसच असेल.